एक कार्ड, दोन भाषा: दिवाळीच्या शुभेच्छा लिहिताना

१२ जुलै २०२५ ला, शनिवारी दुपारी, कार्यशाळेच्या ताईंचा फोन आला. अठरा वर्षांवरची विशेष मुलं तिथे काम शिकतात. पणत्या रंगवतात, उटण्याच्या पुड्या भरतात आणि दरवर्षी लाकडी ठशांनी शुभेच्छापत्रांची मुखपृष्ठं छापतात. आतला मजकूर आजवर एका निवृत्त शिक्षकांकडून यायचा. ते यंदा मुलाकडे बंगळुरूला गेले. "तू लिहितेस ना काहीबाही, तूच दे. एक दिवाळीचं, एक भाऊबीजेचं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. पंधरा ऑगस्टच्या आत." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. मी बँकेत नोकरी करते. पत्रं पुष्कळ लिहिलीत, पण जे शेकडो घरांत जाणार आणि शेकडो माणसांच्या सह्या ज्याखाली पडणार, असं काही कधी लिहिलं नव्हतं.

ताईंनी गेल्या पाच-सहा वर्षांची कार्डं पाठवली. मराठी ओळी भारदस्त होत्या: तेजोमय दीप, मांगल्य, सुखसमृद्धी. इंग्रजी त्याचंच शब्दशः रूप होतं, आणि एका वर्षी तर उलटंही झालेलं दिसलं. "तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला आनंदाने भरलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा" हे आधी इंग्रजीत सुचलेलं वाक्य आहे, हे लगेच कळतं. आपण बोलताना "घरच्यांना सांग" म्हणतो, "कुटुंबाला" म्हणत नाही. आणि दिवाळी आनंदाने "भरलेली" नसते. भरलेले असतात ते डबे.

पहिले आठ दिवस मीही तसंच लिहीत राहिले. आधी मराठी चार ओळी, मग त्यांचं इंग्रजी. इंग्रजी जमेना म्हणून मराठी सोपं केलं, मराठी सोपं केल्यावर ते बेचव झालं, मग पुन्हा इंग्रजी. दोन्ही भाषा एकमेकींना खाली ओढत होत्या. २० जुलैच्या रविवारी वही मिटून ठेवली आणि वेगळंच काम हातात घेतलं. दिवाळीत लोक एकमेकांना खरोखर काय म्हणतात ते आठवून लिहायला लागले. आईचे फोन, शेजारणीचे निरोप, भावाचे मेसेज. "फराळ झाला का सगळा?" "कंदील लावलात की नाही अजून?" "चकल्या यंदा खुसखुशीत झाल्यात, ये खायला." "पाडव्याला येताय ना?" "किती वर्षं झाली गं तुला येऊन."

दोन पानं भरल्यावर दिसलं की त्यात शुभेच्छा जवळजवळ नाहीतच. मराठी माणूस माया करतो ती विचारपूस करून, नाहीतर तक्रार करून. थेट शुभ चिंतायचं झालंच तर क्रियापदाला "ओ" लागतो: टळो, येवो, लाभो, नांदो. बलिप्रतिपदेला म्हणतात ते "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" हे त्याचं जुनं आणि जिवंत उदाहरण. म्हणजे तो "ओ" काही पुस्तकी नाही. "तेजोमय जीवन उजळो" मध्ये तो पोकळ वाटतो, कारण त्याला धरायला वस्तूच नसते. इडापिडा टळते, बळीचं राज्य येतं, ते डोळ्यांसमोर उभं राहतं. जीवन उजळतं म्हणजे नक्की काय होतं?

इंग्रजीसाठी मावसबहिणीच्या मुलीला फोन केला. ती इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये वाढली. तिला विचारलं, तुझ्या मैत्रिणी एकमेकींना सणाला काय लिहितात? तिने सांगितलं ते असं: तू इथे असायला हवी होतीस, माझ्यासाठी थोडं ठेव, आठवण येते. लहान वाक्यं, एखादी बारीकशी वस्तू, आणि मोठे शब्द शक्यतो नाहीतच. त्या दिवशी मी ठरवलं की दोन्ही मजकूर एकाच चित्रातून निघतील, पण एक दुसऱ्यातून निघणार नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, डोक्यावर चित्र लिहिलं ("घरात माणसं जमली आहेत") आणि दोन्ही रकाने स्वतंत्र वेळी भरले. मराठी सकाळी, इंग्रजी रात्री. मराठी रकान्यावर कागद झाकून.

मराठीसाठी अष्टाक्षरी निवडली. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे "रात्र" दोन अक्षरांची आणि "गप्पांना" तीन. लघु-गुरूचं बंधन नसल्यामुळे बोलण्यातले शब्द जसेच्या तसे बसतात, आणि ओळींची लांबी सारखी राहत असल्याने छोट्या कार्डावर नीटस दिसतं. चार-पाच दिवसांनी हे जमलं:

पणतीला तेल पुरो,
डब्यात उरो चकली,
ओळखीच्या पावलांनी
रांगोळी जावो पुसली.

मला हे फार आवडलं होतं. दारातली रांगोळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पुसली गेली म्हणजे घर भरलेलं आहे, असं मला म्हणायचं होतं. २७ जुलैला वाईला आत्याकडे गेले. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि लहानपणी आम्हाला ओव्या तीच म्हणून दाखवायची. तिने डोळे मिटून ऐकलं. पहिल्या दोन ओळींना मान डोलावली. चौथीला डोळे उघडले आणि म्हणाली, "सणाच्या कागदावर पुसली नको गं. पुसली म्हटलं की बाईच्या मनात कुंकू येतं."

मी समजावायला गेले की अर्थ तसा नाही. ती म्हणाली, "अर्थ मला कळला. पण तू काय दर वाचणारीच्या घरी समजवायला जाणार आहेस?"

मी गप्प झाले. कल्पना चुकीची नव्हती, तो शब्द चुकीचा होता. मराठीत "पुसणे" या शब्दाला असा एक इतिहास चिकटलेला आहे की "जावो" सारख्या आशीर्वादाच्या रूपाशेजारी तो उभाच राहू शकत नाही. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या पर्याय शोधले. दारातल्या चपलांचा ढीग घेऊन पाहिला: "दारापाशी चपलांना जागा न उरो मोकळी." आठ-आठ अक्षरं बसली, घरही भरलेलं दिसलं. पण लक्ष्मीपूजनाच्या कार्डावर चपला मलाच खटकल्या. शेवटी पहिल्या ओळीतलं "पुरो" परत हाताशी आलं. तेल पुरावं, पण रात्र पुरू नये.

पणतीला तेल पुरो,
डब्यात उरो चकली,
रात्र गप्पांना न पुरो,
घरी मंडळी आपली.

हे फोनवर वाचून दाखवल्यावर आत्या दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "हां. आता चकलीचा डबा चौथ्या दिवशी रिकामा निघाला तरी चालेल."

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण मला ती आधी कुणी सांगितली नव्हती. छापील कार्ड कोण कुणाला पाठवणार हे आपल्याला माहीत नसतं, आणि मराठीत क्रियापद ते उघड करतं. "वाट पाहते" लिहिलं की पुरुषाला ते कार्ड घेता येत नाही. "तुझ्या घरी" लिहिलं की साहेबांना पाठवता येत नाही. इंग्रजीत एक "यू" सगळं झाकून टाकतो, म्हणून इंग्रजीवरून मराठी करताना हे लक्षातच येत नाही. वरच्या चार ओळींत "मी" नाही, "तू" नाही, "तुम्ही" नाही. क्रियापदं तेल, चकली आणि रात्र यांच्याशी जुळतात. दुसरी सोय म्हणजे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ. "पाट मांडून ठेवला" मध्ये क्रियापद पाटाप्रमाणे चालतं, मांडणारा कोण ते कळत नाही. मजकूर पक्का करण्याआधी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि ते कोणाप्रमाणे बदलतंय ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता इंग्रजी. गंमत अशी की आत्याने काढून टाकलेली रांगोळी इंग्रजीत हवी तशी बसली. तिथे पुसट झालेल्या रांगोळीला कसलंच सावट नाही, उलट नेहमीच्या शुभेच्छांपेक्षा ती जिवंत वाटते. पण माझा पहिला खर्डा अडखळत होता आणि का अडखळतोय ते मला कळत नव्हतं. अष्टाक्षरीच्या सवयीने मी इंग्रजीचीही अक्षरंच मोजत होते, दर ओळीत बरोब्बर आठ. भाचीने ते मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्याच ओळीत तिची जीभ अडकली. ती म्हणाली, "मावशी, मोजू नकोस. टाळी वाजव." इंग्रजी ओळ चालते ती आघातांवर. दोन आघातांच्या मध्ये एखादं अक्षर जास्त आलं तरी वाचणारा ते घाईने गिळून पुढे जातो, पण आघात चुकला की ओळ लंगडते. मग आम्ही फोनवर टेबलावर बोटं वाजवत चार-चार ठोक्यांच्या ओळी केल्या. इंग्रजी ओळी इथे देवनागरीतच देते, कारण त्या कानाने तपासल्या होत्या आणि कानानेच वाचायच्या आहेत:

मे फ्रेंड्स कम क्राउडिंग थ्रू युअर डोअर
अँड स्मज द रांगोळी ऑन द फ्लोअर,
अँड नॉट वन सोल गो होम टिल लेट,
विथ वन लास्ट लाडू ऑन द प्लेट.

दुसऱ्या ओळीत ठोके "स्मज", "रां", "ऑन" आणि "फ्लोअर" वर पडतात. "गोळी" मधली दोन अक्षरं पटकन निघून जातात. अक्षरं मोजली तर ही ओळ आठात बसत नाही, पण वाचताना कुठे अडत नाही. "मे" हा आशीर्वादाचा शब्द माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ओळींच्या सुरुवातीला होता, कारण मराठीत तीन "ओ" होते. तो एकदाच ठेवला. इंग्रजीत चार वेळा "मे" आला की प्रार्थनामंदिरात उभं असल्यासारखं वाटतं, हे भाचीचं म्हणणं. मराठीतला "ओ" शब्दाच्या शेवटी असतो, हलका असतो, तीनदा आला तरी टोचत नाही. आणि चकलीचा लाडू झाला तो केवळ भाचीच्या सांगण्यावरून. तिच्या इंग्रज मैत्रिणींना लाडू ओळखीचा, चकलीचा अर्थ सांगत बसावं लागतं. कार्डाखाली तळटीप द्यावी लागली तर ते कार्ड राहत नाही.

भाऊबीजेचं कार्ड जास्त अवघड होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा त्यातच गेला. भाऊबीजेचा गाभा म्हणजे ओवाळणं, आणि ओवाळण्याला इंग्रजीत शब्द नाही. "वेव्ह" वापरून पाहिला. भाची म्हणाली, "मला रेल्वेचा गार्ड कंदील हलवताना दिसतो." "सर्कल" घातला तर व्यायामासारखं वाटलं. दोन ओळींत विधी समजावून सांगितला तर ते शाळेच्या माहितीफलकासारखं झालं. इकडे मराठीतही "ओवाळिते भाऊराया" हे इतक्या वेळा लिहून झालंय की त्यात माझं काही उरत नव्हतं.

मग मला आमच्या घरची भाऊबीज आठवली. भाऊ हैदराबादेत असतो, त्याची रेल्वे नेहमी उशिरा येते. आई पाट मांडते, भोवती रांगोळी घालते, ताटात सुपारी, अक्षता, निरांजन सगळं तयार. चहा दोनदा गरम होतो. ओवाळण्याच्या क्षणापेक्षा हा मधला अर्धा तास माझ्या मनात जास्त पक्का आहे. म्हणून ओवाळणं लिहायचंच नाही, त्याच्या आधीचा अर्धा तास लिहायचा असं ठरवलं. ८ ऑगस्टच्या रात्री, रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी, हे झालं:

उंबऱ्यात एक दिवा,
तुझ्या वाटेकडे तोंड.
पाट मांडून ठेवला,
ये रे, चहा होतो थंड.

"तोंड" आणि "थंड" हे यमक पुरतं जुळत नाही, पण मोठ्याने म्हटल्यावर जुळतं आणि बोलण्यातलं वाटतं. "तोंड" ला चोख जुळणारं यमक शोधायला गेले असते तर चहा हातचा गेला असता. इंग्रजी मात्र वेगळ्या अंगाने गेलं. पाट काढला, कारण पाट म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्याऐवजी नेहमीची जागा आली:

द लॅम्प इज लिट, द टी इज मेड,
युअर सीट इज व्हेअर इट्स ऑलवेज स्टेड.
इट्स ओन्ली यू आयम वेटिंग फॉर,
विथ हाफ ॲन इअर अपॉन द डोअर.

मराठीत चहा गार होतोय म्हणून लटका राग आहे, इंग्रजीत दाराकडे अर्धा कान आहे. राग इंग्रजीत लिहून पाहिला होता. तो खरा राग वाटायला लागला, म्हणून सोडून दिला.

या कार्डात मी वर सांगितलेला नियम मोडला आहे. "तुझ्या", "ये रे" असा सरळ एकेरी भाऊ आहे. आत्याने विचारलंच, "आम्ही थोरल्या दादांना अहोजाहो करायचो, आम्ही काय करायचं?" दोन्ही जागा बदलून पाहिल्या: "वाटेकडे त्याचं तोंड", "आता चहा होतो थंड". अक्षरं बसली, पण हाक गेली. भाऊबीजेच्या कार्डातून हाक काढली तर मागे फक्त फर्निचर आणि चहा उरतो. म्हणून एकेरी ठेवलं, आणि काही घरांना हे कार्ड चालणार नाही हे मान्य केलं. दिवाळीचं कार्ड सगळ्यांसाठी, हे काही जणांसाठी.

तपासणीसाठी एक पद्धत वापरली ती उपयोगी पडली. दोन्ही कार्डांचा मजकूर सहा जणांना वाचून दाखवला, लिहून पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, काय आठवतंय? चांगलं आहे का, असं विचारलं तर सगळे चांगलंच म्हणतात. सहापैकी पाच जणांना चहा आठवत होता, चौघांना चकली. "घरी मंडळी आपली" कुणालाच आठवली नाही. ती ओळ बदलायचा प्रयत्न केला, पण तिच्याशिवाय वरच्या तिन्ही ओळी लोंबकळतात. काही ओळी लक्षात राहण्यासाठी नसतात, टेकू देण्यासाठी असतात, असं म्हणून तशीच ठेवली.

१४ ऑगस्टला मजकूर ताईंकडे दिला. कार्यशाळा ट्रस्टची आहे, त्यामुळे छापायला जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला समितीची मंजुरी आणि तीन कोटेशनं लागतात. बैठक २३ तारखेला होती. ते नऊ दिवस मी दर संध्याकाळी फोन बघत होते. बैठकीला मलाही बोलावलं. एका सदस्यांचा आक्षेप रास्त होता: "डावीकडे चकली, उजवीकडे लाडू. डावीकडे तेल, उजवीकडे रांगोळी. घेणाऱ्याला वाटेल भाषांतर चुकलंय." मी त्यांना आधी जुनं कार्ड वाचायला दिलं, मग हे, दोन्ही मोठ्याने. नंतर विचारलं, तुमच्या नातवाला यातलं कुठलं इंग्रजी समजावून सांगावं लागेल? ते थोडा वेळ दोन्ही कागद हातात धरून बसले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. मराठीखाली "दिवाळी" आणि इंग्रजीखालीही रोमन लिपीत "दिवाळी" असं एकेकच शब्दाचं शीर्षक द्यायचं, म्हणजे दोन वेगळ्या कविता आहेत हे दिसेल. मजकुराच्या प्रतीवर "मंजूर" लिहून तीन सह्या झाल्या. त्या सह्यांच्या प्रतीचा फोटो जरूर काढून ठेवा. प्रेसवाला पुढे "हे कुणी बदललं?" असं विचारतो तेव्हा तोच कामी येतो.

तीन कोटेशनं आली: कार्डामागे साडेआठ, दहा आणि सव्वाअकरा रुपये. सगळ्यात स्वस्त होतं त्यात कागद चकचकीत आर्ट कार्डचा होता. त्यावर मुलांच्या ठशांची शाई वाळत नाही, बोट लागलं की फासते. म्हणून दहा रुपयांचं घेतलं: तीनशे जीएसएमचा जाड, बिनचकाकीचा कागद, आत एकरंगी छपाई, आणि क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेणं, ते धरून. जाड कागदाला क्रीजिंग न करता नुसती घडी घातली तर कडेला तडे जातात, तेव्हा ते दरात धरलंय का ते विचारून घ्या. दोन्ही मिळून पाचशे कार्डं, पाच हजार रुपये. पाकिटं वेगळी, दोन रुपयांना एक.

२५ ऑगस्टला मजकूर प्रेसला गेला आणि २७ ला गणपती बसले. पुण्यात गणपतीच्या दिवसांत प्रेसकडून काही लवकर मिळेल अशी आशा धरू नये. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली, प्रूफ ९ तारखेला आलं. पहिल्याच शब्दावर डोळा अडकला. "उंबऱ्यात" चं "उंबर्यात" झालं होतं, म्हणजे ऱ्यातला आडवा र जाऊन य वर रफार चढला होता. उच्चारच बदलतो: "उंबऱ्यात" मधला र हलका आहे, रफार दिला की तो "सूर्यात" सारखा आपटतो. मी युनिकोडमध्ये टाइप करून व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला होता, प्रेसने तो त्यांच्या जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला आणि त्यात हा र हरवला. चूक माझ्याही पद्धतीत होती. दुसऱ्या वेळी घरीच मांडणी करून पीडीएफ दिली आणि "फाँट न बदलता कर्व्ह करून घ्या" असं सांगितलं, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की होतात. दोऱ्या, साऱ्या, पायऱ्या असे शब्द तुमच्या मजकुरात असतील तर प्रूफात आधी तेच पाहा. १२ ला दुसरं प्रूफ आलं, ते बरोबर होतं. तरी सही करण्याआधी मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

१८ सप्टेंबरला गठ्ठे कार्यशाळेत आले. त्यानंतर मुलांचं काम सुरू झालं: पणतीचा ठसा, पिवळी शाई, वर ज्योतीचा लाल ठिपका. एक मुलगा ज्योत प्रत्येक वेळी थोडी डावीकडे कलती उमटवत होता. ताईंनी त्याचा हात सरळ करायला घेतला तेव्हा मी म्हटलं, राहू दे. वारा आहे असं वाटतं. ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाचशेवं कार्ड वाळत घातलं.

विक्री ४-५ आणि ११-१२ ऑक्टोबर, दोन शनिवार-रविवार, एका शाळेच्या हॉलमध्ये. किंमत तीस रुपये, पाकिटासह. टपालाचा प्रश्न सगळे विचारत होते, म्हणून मी आधीच वजन करून ठेवलं होतं. कार्ड आणि पाकीट मिळून साधारण चौदा ग्रॅम भरत होतं. वीस ग्रॅमपर्यंत देशात पाच रुपयांचं तिकीट पुरतं. ए-फोर कागदाची एक चिठ्ठी पाचेक ग्रॅमची, ती आत घातली तरी चालतं, दोन घातल्या की दहाचं तिकीट लावावं लागतं. अमेरिकेची अडचण मात्र सुटण्यासारखी नव्हती. तिथल्या सीमाशुल्काचे नियम बदलल्यामुळे ऑगस्टअखेरपासून भारतातून तिकडे जाणारं टपालच थांबलं होतं, ते १५ ऑक्टोबरला सुरू झालं आणि लक्ष्मीपूजन २१ ला. बऱ्याच जणींनी कार्ड घेऊन, आत सही करून, उघड्या कार्डाचा फोटो मुलांना पाठवला. त्यातल्या एकीने मला तिच्या नातीचं उत्तर दाखवलं. नातीने इंग्रजी वाचून विचारलं होतं, "आजी, आपली रांगोळी कुणी स्मज केली?"

भाऊबीजेचं कार्ड दोघींनी हातात घेऊन परत ठेवलं. "आम्ही दादांना ये रे म्हणत नाही." आत्या आठवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवाळीची सगळी दोनशे पन्नास संपली होती, भाऊबीजेची एकसष्ट उरली होती.

आवराआवर चालली होती तेव्हा साठीच्या एक बाई आल्या. दोन्ही कार्डं उघडून वाचली, मिटली. म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीचे यजमान जूनमध्ये गेले. तिच्याकडे यंदा दिवाळी नाही. मी फराळ नेऊन देणार आहे. त्यासोबत ठेवण्यासारखं काही आहे का?"

नव्हतं. ज्या घरात दुःख झालंय तिथे त्या वर्षी फराळ करत नाहीत, बाकीचे नेऊन देतात, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तीन महिने दिवाळीच्या मजकुरावर डोकं लावून मला ते एकदाही सुचलं नव्हतं. ताईंनी ठसा न उमटलेलं, आतून कोरं राहिलेलं एक कार्ड शोधून दिलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा काय लिहू." मी विचारलं, "तुम्ही दारात गेल्यावर तिला काय म्हणाल?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पेन घेतलं आणि टेबलाच्या कडेला वाकून स्वतःच लिहिलं:

यंदा कंदील नाही, माहीत आहे.
डबा ठेवून जाते.
दार उघडायची घाई नको.

त्यांनी कार्डाचे तीस रुपये पुढे केले. ताईंनी ते घेतले नाहीत. पाकीट दिलं.